भाईदासनानांचं नाक

भाईदास कोळींच्या नाकावर बारा टन केळी विश्वास ठेवून होती, असं मी गमतीनं म्हणायची. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तरी माणसाची ओळख करून द्यायची तर सुरुवात नाकापासूनच करायला हवी, कारण त्यांची नोकरी, इज्जत आणि मिजास सगळी त्या नाकावरच उभी होती.

सुरतजवळ कामरेजच्या पुढे हायवेला लागून आमचं केळी पिकवण्याचं कोल्ड स्टोअरेज आहे. शेठ गुजराती, ट्रक रावेर-सावद्याचे, माल उतरवणारे निम्मे खानदेशी आणि निम्मे यूपीचे. मी तिथे रजिस्टर लिहायची. कोणत्या खोलीत किती माल, कोणत्या तासाला किती तापमान, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. माझा जन्म सुरतच्याच उधन्यातला, आईवडील अमळनेरकडचे, त्यामुळे नाना माझ्याशी घरच्यासारखे अहिराणीत बोलायचे. शेठशी गुजरातीत, चौकीदाराशी हिंदीत. तिन्ही भाषांत त्यांचा आवाज मोठाच असायचा, कारण वीस वर्षं उधन्यात कापडाच्या लूमवर काढून एक कान जवळजवळ गेला होता. "कान गया तो गया, नाक शे ना," असं ते स्वतःच सांगत.

हे नाक कशाला लागतं, ते सांगते. केळं झाडावरून हिरवं उतरवतात. ते मेलेलं नसतं, श्वास घेत असतं. पिकायला लागलं की त्याच्यातून एक वायू सुटतो. मशीन लावून देणाऱ्या इंजिनिअरनं त्याचं नाव इथिलीन सांगितलं. नाना त्याला वाफ म्हणायचे. हा वायू शेजारच्या हिरव्या केळ्याला लागला की तेही पिकायला लागतं आणि तोच वायू सोडायला लागतं. उघड्यावर तो वाऱ्यानं निघून जातो. कोंडला की तिथल्या तिथे साठत जातो.

हे मला नानांनी माझ्याच घरी शिकवलं. एका श्रावणी सोमवारच्या उपासाला आईला केळी हवी होती आणि मी शनिवारी आणलेली दगडासारखी हिरवी. नानांनी अर्धी फणी कागदी पिशवीत घातली, वर एक पिकलेलं केळं टाकलं, तोंड पिळून बंद केलं. उरलेली अर्धी खिडकीत ठेवली. दोन दिवसांनी पिशवीतली पिवळी, खिडकीतली अजून हिरवीच. "पिशवीमा जादू नही शे, रंजू," ते म्हणाले. "वाफ बाहेर जात नही, बस." प्लॅस्टिकची पिशवी का नाही, असं आईनं विचारलं. त्यात पाणी सुटतं आणि देठाला बुरशी लागते, हेही त्यांनी सांगितलं. आई त्यानंतर त्यांना डॉक्टर म्हणायला लागली.

आमचं स्टोअरेज म्हणजे अशाच मोठाल्या पिशव्या. पाच खोल्या पिकवणीच्या. तिथे सतरा-अठरा अंशांवर चोवीस तास खोली बंद ठेवून मशीननं वायू सोडायचा, मग दार उघडून पंखे लावायचे. केळी श्वास सोडून सोडून आतली हवा खराब करतात, आणि ती कोंडलेली हवा पिकणंही अडवते. त्यात माणसानं जायचं नसतं. पाचही खोल्यांच्या दारावर लाल पाटी होती, गुजरातीत आणि हिंदीत: दार उघडल्यावर वीस मिनिटं आत जाऊ नये.

सहावी खोली, म्हणजे नंबरानं तीन, उलट्या कामाची. तिथे केळ्यांना झोपवून ठेवायचं. साडेतेरा अंश. त्याखाली गेलं तर साल काळपट राखाडी पडते आणि मग ते केळं कधीच धड पिवळं होत नाही; वर गेलं तर जाग येते. नेमक्या थंडीत केळ्याचा श्वास मंद होतो, ते वायू जवळजवळ सोडत नाही, आणि बाजारात मागणी येईपर्यंत पंधरा-वीस दिवस हिरवं राहतं. खोलीत जांभळ्या दाण्यांच्या पुड्या टांगलेल्या असायच्या. चुकून सुटलेला वायू त्या खातात आणि खाऊन खाऊन तपकिरी होतात. तपकिरी झाली की पुडी बदलायची. ज्या श्रावणाची ही गोष्ट, तो लागला तेव्हा सगळ्या पुड्या महिनाभरापासून तपकिरीच होत्या. मी दोनदा शेरा लिहिला. शेठ म्हणाले, पुढच्या ऑर्डरसोबत मागवू.

तीन नंबरवर लाल पाटी नव्हती. झोपलेल्या केळ्यांना कोण घाबरणार?

रोज सकाळी आठ वाजता नाना तीन नंबरचं दार उघडायचे, पाच मिनिटं उघडंच ठेवायचे, मग आत शिरून कॅरेटच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पेट्यांच्या, ओळींमधून मान वर करून चालायचे. वायूला असा वास नसतो, निदान आमच्या इतक्याशा प्रमाणात तरी नाही. नाना शोधायचे ते पिकलेल्या केळ्याचा गोड वास. सहाशे कॅरेटमध्ये एखाद्या घडाला वाटेत मार लागलेला असतो, तो आधी पिकतो, आणि तो राहिला की त्याच्याभोवतीची जागी होतात, मग त्यांच्याभोवतीची. नाना असा घड दारातून हेरायचे. "पाचवी ओळ, खालून तिसरं," असं म्हणायचे आणि खरंच तिथे एक पिवळं केळं निघायचं. मी स्वतः पाहिलंय. मग बाहेर येऊन मला सांगायचे, "पोरं झोपेल शेतस," आणि मी शेऱ्यात लिहायची: ठीक.

मग त्यांचं नाक गेलं. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात पंधरा दिवस ताप, आणि ताप उतरल्यावर कशाचाच वास नाही. पुढे येईल, डॉक्टर म्हणाले होते. आला नाही. ही गोष्ट नानांनी बायकोखेरीज कुणालाही सांगितली नाही. सांगून करणार काय? वयाची साठी जवळ आलेली, कानानं अधू, लूमवर परत घेणार कोण? त्याच सुमारास शेठ हवा मोजायचं मीटर घ्यायच्या विचारात होते. खोलीतला वायू आणि खराब हवा दोन्ही दाखवणारं, आणि प्रमाण वाढलं की वाजणारं. त्याचं दरपत्रक मीच मागवलं होतं. शेठनी नानांना बोलावून विचारलं, "नाना, मीटर लावीए के तमारुं नाक चालशे?" नाना हसून म्हणाले, "चालशे, शेठ, चालशे." दरपत्रक माझ्या खणात राहिलं.

मीटर आलं की नाना गेले, हे नानांना कळत होतं. मलाही कळत होतं.

नाक गेल्यावर ते डोळ्यांनी काम करायला लागले. बॅटरी घेऊन एकेक ओळ तपासायचे, केळी दाबून पाहायचे. आधी पाच मिनिटं लागायची तिथे पाऊण तास लागायला लागला. थंडीत पाऊण तास! बाहेर आले की बोटं आखडलेली असायची. म्हातारपणामुळे मनाची खात्री होत नाही म्हणून वेळ लागतो, असं ते सांगायचे, आणि मी मान डोलवायची. गाढव होते मी, खरंच वाटलं मला.

मला कळलं ते कानबाईच्या आठवड्यात.

आमच्या खानदेशी लोकांची देवी कानबाई श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन. उधन्यातल्या आमच्या गल्लीत मंडळाची कानबाई असते आणि बायकांची पुढारी म्हणजे सरलाबाई, नानांची बायको. मोठ्या तोंडाच्या, मोठ्या मनाच्या. प्रसादाला केळी शेठ देतात, दहा कॅरेट, आणि त्या वर्षी ती पिकून बाहेर पडली गुरुवारी. सुरतचा ऑगस्ट. गुरुवारची पिवळी केळी रविवारपर्यंत घरात ठेवली तर काळी पडणार. आणि पिकवणीच्या पाचही खोल्या मालानं भरलेल्या.

गुरुवारी दुपारी सरलाबाईंचा मला फोन आला. "रंजू, मांगना सालले परसाद काया पडी गयथा. लोकेस्नी नावं ठेवी. दोन दिन थंड खोलीमा ठेवी दे."

"नाना काय म्हणतात?" मी विचारलं. गुरुवार नानांच्या सुट्टीचा.

"त्यास्ले नको सांगू. ते नहीच म्हनतीन."

ते नाहीच म्हणाले असते. पिकलेलं हिरव्याच्या घरात जायचं नाही, हा त्यांचा एकच कायदा होता. त्यासाठी त्यांनी एकदा शेठच्या भाच्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. हे मला माहीत होतं. एक केळं काय करतं तेही माहीत होतं, आणि इथे तर दहा कॅरेट, म्हणजे दोनशे किलो. पण मनात आलं, दोनच दिवस, आणि थंडी आहे. देवीचं काम. सरलाबाईंचा शब्द. मी माणसांना सांगून ती दहा कॅरेट तीन नंबरच्या मागच्या कोपऱ्यात रचून घेतली आणि वर निळी ताडपत्री टाकली. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी नाना दारात उभे राहिले तेव्हा मी रजिस्टर घेऊन मागेच उभी होते. मला स्वतःला, रोज त्या वासात राहून नाक मेलेल्या बाईला, तो गोड वास दारातून येत होता. आता नाना ओरडणार, शिव्या घालणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

नाना आत गेले. बॅटरी घेऊन ओळीओळीतून फिरले. ताडपत्रीपाशी आले असतील तर त्यांना ती नेहमीच्या सामानाची वाटली असेल. तिथे रिकामी कॅरेटही झाकून ठेवत असू. पाऊण तासानं बाहेर आले, बोटं चोळत.

"पोरं झोपेल शेतस," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला काय कळलंय ते त्यांना कळलं. म्हाताऱ्याचा चेहरा एका क्षणात लहान झाला. मी रजिस्टर उघडलं आणि शेऱ्यात लिहिलं: ठीक. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा प्यायला निघून गेले.

त्यांना वाटलं, मी त्यांची लाज झाकली. मी स्वतःची झाकत होते. खरं तर दोन्ही झाकल्या गेल्या, एका शब्दात. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवून उपयोग नाही. शनिवारीही तसंच झालं. शनिवारी संध्याकाळी टेंपो येऊन दहा कॅरेट घेऊन गेला, कोपरा रिकामा झाला, आणि मी निःश्वास सोडला. वास घेऊन जाणारी केळी गेली. मागे वायूनं सुरू केलेलं काम गेलं नव्हतं. हिरवं केळं जागं झालं तरी दोन-तीन दिवस वरून हिरवंच दिसतं. हे मला कुणी नव्यानं शिकवायची गरज नव्हती.

रविवारी कानबाई बसली. सरलाबाईंनी नऊवारी नेसून गाणी म्हटली, दिवे लागले, नैवेद्याचे रोट झाले, आणि प्रसादाची केळी अशी पिवळीधमक की लोकांनी विचारलं, कुठून आणली? नानांनी अभिमानानं मान हलवली. आमचीच, म्हणाले. त्यांना वाटलं, शेठनी नव्या मालातली शनिवारी पाठवली.

स्टोअरेजला रविवारची सुट्टी होती आणि सणाची म्हणून सोमवारचीही. फक्त चौकीदार रामकिशन. तीन नंबरचं दार शनिवारी संध्याकाळनंतर कुणी उघडलं नव्हतं. महिन्यापूर्वीच त्याला नवं रबर बसवलं होतं, हवा जराही जात नव्हती. रविवारी दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला, इतर खोल्यांची थंडीची मशीनं चालू झाली, तीन नंबरचं झालं नाही. त्याचं बटण हातानं दाबावं लागायचं. रामकिशनला आकडे वाचायची सवय नव्हती. सोमवारी सकाळी साडेदहाला त्याचं लक्ष गेलं आणि त्यानं मला फोन केला. "दीदी, तीन नंबर बीस दिखा रहा है."

मिरवणूक निघायच्या बेतात होती. नाना डोक्याला टोपी घालून, कपाळाला गुलाल लावून उभे होते. मी त्यांच्या चांगल्या कानात सांगितलं. ते तसेच माझ्या स्कूटीवर मागे बसले.

उधन्यापासून कामरेजपर्यंत तासभर तरी लागतो. एवढ्या वेळात मी दहादा तोंड उघडलं असेल. नाना, त्या खोलीत पिकलेली कॅरेट होती. एवढंच वाक्य. नाना, आत जाऊ नका, ती जागी झालीत. पण मशीन बंद पडलंय ना, मी मनाला सांगितलं, गरम झालीय म्हणून काय ते झालं असेल, त्यात माझं काय? आणि पाठीमागे ते मशीनला शिव्या देत होते, शेठला देत होते. एकदा म्हणाले, "रंजू, तू शे म्हनीसन माले काळजी नही." मी गाडी आणखी जोरात काढली.

पोचल्यावर मी मशीनच्या खोलीकडे पळाले, बटण दाबायला. नाना तीन नंबरकडे गेले. मशीन दोनदा दाबूनही उठलं नाही. तिसऱ्यांदा घरघरलं. आणि तेवढ्यात, तीस पावलांवर, वास आला मला. गोड, जड, गरम. बारा टन केळ्यांचा. म्हणजे दार उघडलं होतं. पिकवणीच्या खोलीचं दार चोवीस तासांनी उघडलं की येतो तसा, त्याहून दाट.

मी ओरडले. त्यांचा चांगला कान तेव्हा कोणत्या बाजूला होता कोण जाणे. धावत आले तेव्हा दार सताड उघडं, आत दिवा चालू, आणि नाना मागच्या कोपऱ्याजवळ ओळींच्या मधे पालथे पडलेले.

रामकिशन आत घुसायला निघाला. मी त्याचा शर्ट धरला. दोन्ही हातांनी धरला, तो शिव्या देत होता, रडत होता. मला लाल पाटी आठवत होती. पंखा चालू केला, बाहेरचं मोठं शटर उघडलं, आणि मी त्याला किती वेळ धरून ठेवलं ते मला आजही सांगता येत नाही. दोन मिनिटं, कदाचित तीन. मग आम्ही दोघं श्वास रोखून गेलो आणि पायांना धरून त्यांना ओढत बाहेर आणलं. कपाळाचा गुलाल फरशीला लागत आला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, आणतानाच गेले होते. मी त्यांना विचारलं, दोन मिनिटं आधी बाहेर काढलं असतं तर? ते म्हणाले, मग आज तीन जणांना आणावं लागलं असतं. हे त्यांनी बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं होतं, मी ठरवू शकलेले नाही.

दुपारी पोलीस आले, शेठ आले. दार तासभर उघडं ठेवून सगळे आत गेले, मीही गेले. खोली बहुतेक हिरवीच होती, जरा फिकट. फक्त मागच्या कोपऱ्यात, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं, त्या रिकाम्या चौकोनाच्या भोवतीची केळी पिवळी झाली होती. दोन ओळी पूर्ण पिवळ्या, तिसरी अर्धी, चौथी नुसती उजळलेली. मधली मोकळी जागा बरोब्बर दहा कॅरेटची.

नाना त्या पिवळ्याकडेच चालत गेले असणार. नाकानं नाही, डोळ्यांनी. दारातून त्यांना ते पिवळं दिसलं आणि ते बघायला गेले, कारण ती झोपेची खोली होती आणि झोपेच्या खोलीत थांबायची सवय फक्त पाच मिनिटांची होती. त्या दिवशी तेवढीही नाही. जागी झालेली केळी दोन दिवस त्या बंद खोलीत श्वास घेत होती. माणसाच्या वाट्याची हवा त्यांनी संपवली होती.

कुणाला त्या चौकोनाचा अर्थ कळला नाही. सगळे मशीनकडे बोट दाखवत होते. मीही तिकडेच बघत राहिले.

चौथ्या दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा स्वभाव वाईट नाही, घाबरलेले होते. रजिस्टरमध्ये सोमवारच्या शेऱ्यात मी लिहावं, की भाईदास कोळींना वीस मिनिटं थांबायला सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. "हवे एमने शुं फरक पडे?" ते म्हणाले. आता त्यांना काय फरक पडणार? मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, खाली सही.

तेराव्याला जेवणं झाली, पाहुणे गेले, आणि मी सरलाबाईंजवळ बसले. घरात गर्दी ओसरली होती. मुलगा वाल्मिक खाली भांडी परत करायला गेला होता. मी ठरवून आले होते. कोपऱ्यातल्या चौकोनापासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं, शुक्रवारची सकाळ, माझा "ठीक", स्कूटीवरचा तासभर.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "शुक्रवारले ते घर उनात तवय माले बोलनात, रंजूले मना नाकनं कळनं. पन ती कोनले सांगाव नही. गुणनी पोर शे." त्यांनी पदर सोडला. "आन मी तवय काय बोलनू? काहीच नही. माले माहीत व्हतं त्या खोलीमा काय शे. माले माहीत व्हतं त्यास्ले वास येत नही. दोन्ही माले माहीत व्हतं, रंजू. तुलेबी. फक्त त्यास्ले नही."

मी रडले. त्या नाही रडल्या. त्यांनी विचारलं, "रजिस्टरमा काय लिखं?"

मी सांगितलं. थांबायला सांगितलं होतं, ऐकलं नाही.

"सांगेल व्हतं का?"

"नाही."

"मंग ते खोडी टाक. तो माणूस कोनं ऐकत नव्हता असं पोरं वाचतीन. आयुष्यभर समदास्नं ऐकं त्यास्नी." मग माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "खरं लिख. दहा कॅरेट. आन मनं बी नाव लिख. मी सांगेल व्हतं म्हनीसन लिख."

दुसऱ्या दिवशी मी सोमवारचा शेरा खोडला आणि त्याखाली, रकान्यात मावेना म्हणून समासात, लिहिलं: गुरुवारी माझ्या सांगण्यावरून तीन नंबरमध्ये पिकलेली दहा कॅरेट ठेवली, शनिवारी काढली, भाईदास कोळींना कल्पना दिली नव्हती, त्यांना थांबायला कुणीही सांगितलं नव्हतं. त्यांना वास येत नव्हता हे शुक्रवारपासून मला माहीत होतं. त्याची प्रत पोलिसांकडे दिली. शेठनी मला कामावरून काढलं, ते त्यांच्या जागी बरोबर होते. चौकशी अजून चालू आहे, मला तारखांना जावं लागतं. तीन नंबरच्या दारावर लाल पाटी लागली आणि आत मीटर बसलं, असं रामकिशन सांगतो. कधीकधी ते उगाच वाजतं, आणि सगळे बाहेर पळतात.

सरलाबाई गल्लीत भेटल्या की पहिला प्रश्न हाच विचारतात, मनं नाव लिखं ना? वाल्मिक शेजारी उभा असला तरी विचारतात. मी हो म्हणते. कागदावर लिहिलंय, माझ्या सांगण्यावरून. त्यांचं नाव मी लिहिलेलं नाही.